प्रचरण सरासरीपेक्षा जास्त आहे, म्हणून पॉयसन रिग्रेशन बाद होते का?

«दवाखान्यातल्या भेटींसारख्या मोजणीच्या डेटात प्रचरण सरासरीपेक्षा जास्त निघालं, की पॉयसन रिग्रेशन चुकीचं ठरतं. त्याचे सहगुणक टाकून द्या आणि सरळ निगेटिव्ह बायनॉमिअल वापरा. शून्यं जास्त दिसली, तर झीरो-इन्फ्लेटेड.»

या विधानात तीन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. ते सुटे करून एका खऱ्या डेटावर तपासू. अमेरिकेतील १९८७-८८ च्या राष्ट्रीय वैद्यकीय खर्च सर्वेक्षणातील, मेडिकेअरचे संरक्षण असलेल्या ६६ वर्षे व त्यापुढील ४,४०६ व्यक्तींचा हा डेटा आहे आणि तो R च्या `AER` पॅकेजमध्ये `NMES1988` या नावाने कोणालाही मिळतो. मोजलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक व्यक्तीने डॉक्टरांच्या दवाखान्याला दिलेल्या भेटींची संख्या. तिची सरासरी सुमारे ५.८ आणि प्रचरण सुमारे ४५.७ आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल देणे, ही पहिली चूक. पॉयसन रिग्रेशनमध्ये प्रचरण आणि सरासरी समान असावीत ही अपेक्षा संपूर्ण स्तंभाबद्दल नसते. वय, आजार, विमा अशी स्पष्टीकरण देणारी चले ठरावीक असताना उरणाऱ्या चढउताराबद्दल ती असते. समजा रुग्णांचे दोन समान आकाराचे गट आहेत, एकाची सरासरी २ भेटी, दुसऱ्याची १०, आणि दोन्ही गट आपापल्या जागी अगदी काटेकोर पॉयसन आहेत. तरीही एकत्रित सरासरी ६ येईल आणि प्रचरण २२ येईल, कारण गटांतील ६ मध्ये गटांच्या सरासरींमधील फरकाचे १६ मिळतात. ओव्हरडिस्पर्शन, म्हणजे मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा जास्त प्रचरण, तेथे मुळीच नाही. फक्त गट दाखवणारे चल मॉडेलमध्ये घ्यायचे आहे. एखाद्या रुग्णाची नोंद तीन महिन्यांची आणि दुसऱ्याची वर्षभराची असताना तो कालावधी ऑफसेट म्हणून घातला नाही, तरीही असाच आभास निर्माण होतो.

म्हणून तपासणी मॉडेल बसवल्यानंतर करायची असते. पिअर्सन अवशेषांच्या वर्गांची बेरीज अवशिष्ट स्वातंत्र्य-मात्रांनी भागली की येणारे गुणोत्तर १ च्या आसपास असले पाहिजे.

```r
library(AER)
data("NMES1988")
m <- glm(visits ~ hospital + health + chronic +
           gender + school + insurance,
         family = poisson, data = NMES1988)
sum(residuals(m, type = "pearson")^2) / df.residual(m)
coeftest(m, vcov = sandwich)
```

येथे ते सुमारे ६.७ येते. या डेटात ओव्हरडिस्पर्शन खरोखरच आहे, आणि भरपूर आहे. आता प्रश्न असा की त्यामुळे नेमके काय बिघडते.

दुसरा दावा, म्हणजे सहगुणक टाकून देण्याचा, मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण त्यामुळे चांगली उत्तरे फेकली जातात आणि खरा दोष नजरेआड राहतो. पॉयसनचे सहगुणक ज्या समीकरणांतून निघतात ती `Σ xᵢ(yᵢ − μᵢ) = 0` अशी असतात; येथे μᵢ म्हणजे मॉडेलने सांगितलेली सरासरी. त्यांत प्रचरण कोठेही येत नाही. सरासरीचे सूत्र बरोबर मांडलेले असेल, तर y चे वितरण पॉयसन नसले तरीही नमुना वाढत जाताना सहगुणक खऱ्या मूल्यांकडेच जातात. गूरिएरू, मॉन्फोर्ट आणि त्रोन्यों यांनी १९८४ मध्येच हे पद्धतशीरपणे मांडले होते. बिघडते ती प्रमाण त्रुटी. पॉयसन प्रचरण μ इतके धरून चालतो, प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी पट असते, आणि म्हणून सॉफ्टवेअर आपल्याला नको तितकी खात्री देते.

पुरुषांसाठीचा सहगुणक पाहा. तो −०.११२ आहे, म्हणजे इतर गोष्टी सारख्या असताना पुरुषांच्या भेटी स्त्रियांपेक्षा सुमारे ११ टक्के कमी. नेहमीच्या आउटपुटमध्ये प्रमाण त्रुटी ०.०१३ दिसते आणि ९५ टक्के अंतराल ८ ते १३ टक्के घट असे सांगतो. क्वासी-पॉयसन हीच त्रुटी ६.७ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास २.६ ने गुणतो आणि ती ०.०३४ होते, प्रचरणाचे सूत्र गृहीत न धरता ते थेट अवशेषांवरून काढणाऱ्या सँडविच पद्धतीने ती ०.०३५ येते. अंतराल आता ४ ते १७ टक्के घट इतका रुंद होतो. सहगुणक मात्र जागचा हललेला नाही. रुग्णालयात दाखल होण्याच्या संख्येसाठी मात्र या दोन दुरुस्त्या एकमेकींपासून दूर जातात: ०.००६० ची प्रमाण त्रुटी क्वासी-पॉयसनने सुमारे ०.०१६ होते, तर सँडविचने ०.०२२. क्वासी-पॉयसन प्रचरण सर्वत्र सरासरीच्या एकाच पटीत आहे असे मानतो; सँडविच तसे मानत नाही, म्हणून अशा फरकात मी सँडविचवर विश्वास ठेवतो.

मग निगेटिव्ह बायनॉमिअलचे काय? प्रचरणाला सरासरीपेक्षा मोठे होऊ देणारे ते मॉडेल उपयुक्त आहे, पण केवळ त्रुटी सुधारून थांबत नाही. ते निरीक्षणांचे वजनही बदलते. पॉयसनमध्ये अपेक्षित १२ भेटी असलेल्या व्यक्तीला ३ भेटीवाल्याच्या चौपट वजन मिळते. निगेटिव्ह बायनॉमिअलमध्ये वजन `μ/(1 + μ/θ)` असते, आणि येथे जादा प्रचरण ठरवणारा θ सुमारे १.२ असल्याने तीच चौपट जेमतेम सव्वापट होते. परिणामी रुग्णालयात दाखल होण्याचा सहगुणक ०.१६५ वरून ०.२१८ होतो, म्हणजे प्रत्येक वेळी दाखल होण्यामागे १८ टक्क्यांऐवजी २४ टक्के वाढ. याला पुष्कळ जण «ओव्हरडिस्पर्शन दुरुस्त झाले» म्हणतात, आणि तो चुकीचा अर्थ आहे. सरासरीचे सूत्र बरोबर असते, तर मोठ्या नमुन्यात दोन्ही मॉडेलांची उत्तरे जवळजवळ जुळली असती. ती जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय सूत्रावर घ्यावा: पहिल्यांदा दाखल होण्याचा आणि पाचव्यांदा दाखल होण्याचा परिणाम लॉगच्या मोजपट्टीवर सारखाच असेल, हे कशावरून? दाखल होण्याची संख्या सरळ रेषेऐवजी ०, १, २ आणि ३ किंवा अधिक अशा गटांत घालून दोन्ही मॉडेले पुन्हा बसवणे ही येथे पहिली पायरी आहे.

निगेटिव्ह बायनॉमिअल खरोखर लागते ते शक्यता सांगायच्या असतात तेव्हा. «एकही भेट न देणारे किती असतील?» हा प्रश्न सरासरीचा नसून वितरणाचा आहे. डेटात अशा व्यक्ती ६८३ आहेत; पॉयसनच्या अंदाजाने त्या फक्त ४७ असायला हव्यात. येथे पॉयसन साफ अपयशी ठरतो आणि सँडविच त्याला वाचवू शकत नाही.

याच आकड्यावरून तिसरा दावाही तपासता येतो. ४७ आणि ६८३ पाहून थेट झीरो-इन्फ्लेटेडकडे वळणाऱ्याने निगेटिव्ह बायनॉमिअलचा अंदाज पाहावा: तो ६०८ आहे. ६३६ शून्यांच्या तुटीपैकी ५६१ फक्त प्रचरण मोकळे सोडल्याने भरून निघतात. उरलेल्या ७५ साठी वेगळा भाग जोडायचाच, तर त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. झीरो-इन्फ्लेटेड मॉडेल असे मानते की काही जण दवाखान्यात जाण्याच्या शक्यतेबाहेरच आहेत, आणि विमा असलेल्या वृद्धांबद्दल हे पटत नाही. पहिल्या भेटीचा निर्णय रुग्णाचा आणि पुढच्या भेटींत डॉक्टरांचाही वाटा, ही हर्डल मॉडेलची मांडणी येथे अधिक जुळते.

एक मर्यादा सँडविचलाही आहे: वर वापरलेले त्याचे साधे रूप निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरते. एकाच रुग्णाच्या अनेक वर्षांच्या ओळी असतील, तर `vcovCL` ला रुग्णाचा क्रमांक क्लस्टर म्हणून द्यावा लागतो; आणि क्लस्टर म्हणजे आठ-दहा रुग्णालयेच असतील, तर तीही त्रुटी बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते.