पाचशे रुपयांचा फरक

बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनो,

पत्रास कारण की, काल पूर्वपरीक्षेची शेवटची घंटा झाल्यावरही तुमच्यातील एका सद्गृहस्थाने उत्तरपत्रिका छातीशी धरून ठेवली होती. त्याच्या ताळेबंदात पाचशे रुपयांचा फरक होता आणि तो सापडेपर्यंत उठायचे नाही, असा त्याचा निर्धार होता. मी पर्यवेक्षक या नात्याने एक टोक ओढत होतो, तो दुसरे ओढत होता. शेवटी दाराशी किल्ल्या घेऊन ताटकळलेले आमचे शिपाईकाका आत आले, त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून बाकावर ठेवली आणि म्हणाले, "हे घे पाचशे. आता जुळलं ना? दे सरांना पेपर." त्यावर या मुलाने पूर्ण गांभीर्याने विचारले, "काका, हे नावे लिहू की जमा?" काका म्हणाले, "जमा कर, माझी आहे ती." वर्ग हसला, उत्तरपत्रिका सुटली, आणि वर्षभर घसा फोडून शिकवणारा मी मात्र बाजूला उभा राहिलो.

ते पाचशे कोठे होते, ते मी रात्री पाहिले. तेरीज पत्रकात ऋणको 40,500 रुपये होते. समायोजनेत 500 रुपये बुडीत कर्ज आणि उरलेल्या ऋणकोंवर 5 टक्के संशयित कर्ज निधी सांगितला होता. म्हणजे निधी 40,000 वर 2,000 रुपये, आणि ताळेबंदात ऋणको 38,000. याने बुडीत कर्ज नफा-तोटा खात्यात नेले, ताळेबंदात वजा करायचे विसरला. फरकाची रक्कम एखाद्या समायोजनेच्या रकमेशी तंतोतंत जुळली, तर तिचा दुसरा परिणाम राहिला आहे असे समजून आधी तिथेच पाहावे. तसे नसेल, तर फरकाची निम्मी रक्कम शोधावी, कारण चुकीच्या बाजूला लिहिलेली रक्कम दुप्पट फरक पाडते. समायोजना वाचतानाच तिच्यापुढे पेन्सिलीने दोन खुणांची जागा ठेवून प्रत्येक परिणाम लिहिल्यावर एक खूण केली असती, तर हा शोध घ्यावाच लागला नसता.

दोन मिनिटांत फरक सापडला नाही, तर बेरजेखाली जागा सोडून पुढे जावे. 80 गुणांना 180 मिनिटे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे मिळतात. न जुळलेल्या ताळेबंदातही बरोबर नोंदींचे गुण मिळतात. फार तर एखादा गुण जातो. या मुलाने त्या गुणासाठी अठरा मिनिटे घालवली आणि मृत भागीदाराच्या भांडवल खात्याचा 8 गुणांचा प्रश्न कोरा ठेवला. त्या भागीदाराच्या वारसांना काय मिळायचे ते अजून कोणी काढलेले नाही.

आज सकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. पेपर मुद्दाम लांबलचक काढला, असे त्यांचे म्हणणे आहे. दुहेरी रेघा लाल पेनाने आखण्यात गेलेला वेळ त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि काकांची नोट कोणाकडे राहिली, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

तुमचा,
लेखाकर्माचा शिक्षक