साडेएकवीस वर्षांचा हिशोब

आज विश्रामबागेतल्या एका बँकेत सल्लागाराने संगणकावर चार आकडे भरले आणि "साहेब, साडेएकवीस वर्षे निर्धास्त राहा" असे सांगून तो मोकळा झाला. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही, कारण माझ्या आप्पांनाही असेच कोणीतरी निर्धास्त केले होते.

माझे वय 52 आहे. कुपवाडच्या कारखान्यातून 58 व्या वर्षी बाहेर पडेन, तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी आणि ठेवी मिळून 40 लाख हाती येतील असा अंदाज आहे. दरमहा 30 हजार काढायचे आणि उरलेल्या रकमेवर 7 टक्के व्याज धरायचे, तर पैसे खरोखरच साडेएकवीस वर्षे पुरतात. गणित चुकलेले नाही. त्यात भरलेला आकडाच चुकीचा आहे, याचा मला संताप येतो.

30 हजार हा आमच्या घराचा आजचा खर्च आहे. निवृत्तीला अजून 6 वर्षे आहेत आणि महागाई 6 टक्के धरली तर तोच खर्च तेव्हा साडेबेचाळीस हजारांच्या घरात जाईल. एवढी रक्कम काढू लागलो की तेच 40 लाख साडेअकरा वर्षांच्या आतच संपतात. उरलेली सहा वर्षे केवळ बचतीसाठी मोजायची आणि खर्चासाठी विसरायची, हा कुठला न्याय?

आप्पांनी निवृत्त झाल्यावर दरमहा 5 हजारांचा नेम ठरवला होता. सुरुवातीला त्यातून नातवंडांच्या खाऊलाही पैसे उरत. पुढे रक्कम तीच राहिली, पण औषधांचे बिल वाढत गेले आणि ते रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. आम्हाला हे फार उशिरा, गोळ्यांची पाकिटे मोजल्यावर कळले.

खर्च निवृत्तीनंतरही थांबत नाही. म्हणून काढायची रक्कम दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवली, तर 7 टक्के व्याजातला जवळजवळ सगळा भाग महागाईच खाऊन टाकते आणि माझे पैसे साडेआठ वर्षांच्या आसपास संपतात. म्हणजे मी तेव्हा साधारण 66 वर्षांचा असेन. काही रक्कम म्युच्युअल फंडात ठेवली तर ती जास्त वाढू शकते, हे मला मान्य आहे. पण बाजार पडलेला असतानाही दरमहा पैसे काढावे लागतातच.

त्या सल्लागारावर आता तेवढा राग उरलेला नाही. मुलगा तरुण आहे, त्याच्यासमोरच्या रकान्यात महागाईची जागाच नसेल. तरीही उद्या मी पुन्हा जाणार आहे आणि साडेबेचाळीस हजारांपासून सुरू होणारा, दरवर्षी वाढत जाणारा हिशोब त्याच्याकडून मांडून घेणार आहे. आप्पांनी तो कधी मागितला नाही. माझी पत्नी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. पैसे संपतील तेव्हा ती 61 वर्षांची असेल.