स्वतःचा ट्रक घ्यावा की बाजारातली गाडी लावावी? उत्तर परतीच्या मालात आहे

फौंड्रीवाल्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "दलालाच्या मागं फिरून जीव जातो, दोन गाड्या घेऊन टाका." दुसरा म्हणतो, "ड्रायव्हर सांभाळायचे की भट्टी?" दोघांचंही खरं असतं, पण आकडेमोड कुणीच कागदावर करत नाही. ती इथं करतो.

उदाहरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीचं घेऊ. कच्चं कास्टिंग चाकणला जातं. एका बाजूचं अंतर अंदाजे 260 किलोमीटर. गाडी सहाचाकी, एकूण वजन साडेअठरा टनांची, म्हणजे माल साधारण 11 टन. पुढचे रुपये हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्याकडचे दर घालून पाहा.

आधी उभ्या गाडीचा खर्च. बॉडीसह 28 लाखांची गाडी, सात वर्षांनी 8 लाखांना विकली, तर घसारा महिन्याला 24 हजार. अडकलेल्या पैशाचं व्याज 14 हजार. विमा 6 हजार, टॅक्स-पासिंग-परमिट 2 हजार. ड्रायव्हर, क्लीनर आणि रजेवरचा बदली ड्रायव्हर मिळून 28 हजार. पार्किंग, जीपीएस, किरकोळ 4 हजार. बेरीज 78 हजार. गाडी गेटवर उभी राहिली तरी एवढे जाणारच.

आता एका खेपेचा चालू खर्च. भरलेली गाडी लिटरला साडेचार, रिकामी साडेसहा किलोमीटर देते असं धरू. जाताना भरलेली, येताना रिकामी म्हटलं तर 98 लिटर. नव्वदच्या भावानं 8,800 रुपये. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चार टोलनाके जाता-येता 2,400. टायर, सर्व्हिसिंग, डीईएफ मिळून 2,300. भत्ता 1,000. झाले 14,500.

बाजारातली गाडी टनाला 1,300 नं गेली तर 11 टनांचे 14,300.

इथं बरेच जण चुकतात. "खेपा वाढवल्या की गाडी परवडेल" असं त्यांना वाटतं. पण येताना रिकामी येणाऱ्या गाडीचा चालू खर्चच बाजारभाड्याच्या वर आहे. मग दहा खेपा करा नाहीतर तीस, 78 हजारांतला एक रुपया निघत नाही. बाजारातला गाडीवाला 14,300 मध्ये जातो, कारण परतीचं भाडं तो दुसऱ्याकडून घेतो. तुमच्या भाड्यात त्याचा अर्धाच फेरा असतो, स्वतःच्या गाडीचा अख्खा फेरा तुमच्या अंगावर.

फौंड्रीला मात्र एक सोय आहे. भट्टीला लागणारं पत्र्याचं स्क्रॅप पुणे-चाकणच्या प्रेस शॉपमधून येतं. ते टनाला हजार रुपये भाड्यानं दहा टन आणत असाल, तर ते दहा हजार वाचतात. भरून परतताना डिझेल 1,600 नं वाढतं, खर्च 16,100 होतो. बाजारात दोन्ही बाजूंचं भाडं 24,300 झालं असतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी भरलेली एक खेप 8,200 रुपये मोकळे करते आणि साडेनऊ खेपांत महिन्याचे 78 हजार निघतात. दहावी पूर्ण झाली की पुढचं सगळं शिल्लक.

पण महिन्यात खेपा होतात किती? जाणं, उतरवणं, स्क्रॅप भरणं, येणं यात दोन दिवस जातात. म्हणजे जास्तीत जास्त बारा. बारा झाल्या तर शिल्लक वीस हजार. नऊच झाल्या तर चार हजारांचा तोटा. गिऱ्हाइकाच्या गेटवर दोन दिवस गाडी अडकली, स्क्रॅपवाल्याकडं माल तयार नव्हता, ड्रायव्हर गणपतीला गावी गेला, अशा तीन गोष्टी एका महिन्यात घडायला फार काही लागत नाही.

आणखी एक अडचण गाडी घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाईक माल बिनमध्ये किंवा ट्रॉलीत मागत असेल, तर रिकामे बिन परत आणावे लागतात. गाडीचा हौदा त्यांनीच भरला की स्क्रॅपला जागा नाही, आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. घडीचे बिन असतील तर थोडी जागा निघते. मशिनिंग केलेला माल जात असेल तर तेलकट स्क्रॅप आणलेल्या त्याच हौद्यात तो घालता येत नाही. अशा कारखान्यानं गाडीचा विचार सोडून दिलेला बरा.

गाडी आपल्या ताब्यात असण्याचं काय? स्वतःच्या गाडीचा खरा फायदा चाकणच्या गेटवर दिसतो. रोजच्या ड्रायव्हरला कुठल्या गेटला लावायची, कागद कुठं द्यायचे, पोच कुणाच्या सहीची घ्यायची, सगळं पाठ असतं. दलालानं ऐनवेळी पाठवलेल्या गाडीचं पासिंग संपलेलं निघालं तर ती गेटवरूनच परत फिरते. गिऱ्हाइकाची लाइन थांबली तर त्याची डेबिट नोट भाड्याच्या कितीतरी पट असते. म्हणून बाजारातली गाडी लावायची तर भरायच्या आधी पासिंग, विमा, पीयूसी आणि लायसन्स व्हॉट्सअॅपवर मागवा, आणि गाडीनंबर तेव्हाच ई-वे बिलात टाका. 260 किलोमीटरला बिलाची मुदत दोन दिवसांची मिळते. वाटेत माल दुसऱ्या गाडीत पलटी केला आणि नंबर बदलला नाही, तर चेकिंगला अडकणार तुमचा माल.

पण ताबा म्हणजे भरवसा नव्हे. एकच गाडी असेल आणि तिचा डीईएफचा सेन्सर गेला, तर इंजिनची ताकद कमी होते आणि गाडी वर्कशॉपला उभी राहते. त्या दिवशी बाजारातच जावं लागतं, आणि वर्षभर ज्याला विचारलं नाही तो ट्रान्सपोर्टवाला तुम्हाला पहिला का धरेल? 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, तेव्हा घरची काय आणि भाड्याची काय, दोन्ही गाड्या उभ्याच. त्यावर इलाज एकच, पावसाळ्यात चार दिवसांचा माल चाकणला आधीच नेऊन ठेवणं.

माझं मत असं: वॉचमनकडचं वर्षभराचं गेट रजिस्टर काढा. सर्वांत मंद महिन्यात परतीच्या मालासह किती खेपा झाल्या ते मोजा. त्या महिन्यातही दहाच्या वर जात असतील तरच एक गाडी घ्या. दुसरी घ्यायला वीस हव्यात. बाकीचा माल बाजारात, पण दोन ठरलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना दर महिन्याला थोडं काम देत राहून.

दहाच्या खाली असाल तर वर्षाच्या कराराची गाडी लावा आणि करारात डिझेलचं कलम घाला. सही केल्या दिवशीचा भाव लिहायचा, आणि लिटरमागं रुपया वाढला-घटला की भाडं बदलायचं. किती, तर करारात खेपेला जेवढे लिटर धरलेत तेवढे रुपये. हे कलम नसेल तर भाव वाढल्यावर पहिल्या आठवड्यात गाडी "बंद पडते".

आणि घरची गाडी घेतलीच, तर रिकाम्या परतीत शेजाऱ्याचा माल भाड्यानं आणायच्या आधी विम्याची पॉलिसी वाचा. ती प्रायव्हेट कॅरियर म्हणून काढली असेल, तर ती फक्त स्वतःच्या मालासाठी असते. भाड्याचा माल असताना अपघात झाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी पब्लिक कॅरियरची करून घ्या, मगच दुसऱ्याचा माल भरा. आणि 11 टनांच्या गाडीत 14 टन कोंबून हिशेब जुळवू नका. ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनाला दोन हजार. तीन टनांचे सव्वीस हजार, म्हणजे बारा खेपांच्या महिन्याची शिल्लक जाऊन वर सहा हजार खिशातून.