एनपीएसमध्ये रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

एनपीएस म्हणजे ‘आम्हाला इतरांना सुचवाल का?’ या प्रश्नाला ग्राहकांनी ० ते १० मध्ये दिलेल्या रेटिंगवरून काढलेला आकडा: खूश ग्राहकांचे म्हणजे प्रमोटरचे टक्के वजा नाराजांचे म्हणजे डिट्रॅक्टरचे टक्के. तो काढताना असा सल्ला दिला जातो:

“रेटिंग रिकामं असेल तर ० भरा आणि एकूण ओळींनी भागा. आवडलं नाही म्हणूनच उत्तर दिलं नाही ना? मॅनेजरना शेवटचा एक आकडा दिला की झालं.”

० हे ग्राहकाने दिलेलं उत्तर आहे, सगळ्यात कडक. ते मोजायलाच हवं. रिकामी जागा म्हणजे उत्तरच आलेलं नाही. ती शून्याने भरली की गप्प बसलेला माणूस आपण परस्पर डिट्रॅक्टर ठरवतो, कारण ० ते ६ देणारे डिट्रॅक्टर, ७-८ पॅसिव्ह आणि ९-१० प्रमोटर.

समजा २०० ओळींपैकी ४० रिकाम्या आहेत. उरलेल्या १६० मध्ये प्रमोटर ८०, पॅसिव्ह ४४, डिट्रॅक्टर ३६. एनपीएस ५० − २२.५ = २७.५. रिकाम्या जागी शून्य भरलं की डिट्रॅक्टर ७६ होतात आणि आकडा २ वर कोसळतो. शून्य न भरता नुसतं २०० ने भागलं तरी २२ येतो. भाजक म्हणजे आलेली उत्तरं, पाठवलेले फॉर्म नव्हेत.

एक्सेलमध्ये ही चूक न कळतही होते. समजा रेटिंग B2 ते B201 मध्ये आहेत. `=IF(B2<=6,"D","")` रिकाम्या सेलला शून्य समजून D लिहितं. उलट सेलमध्ये नुसती स्पेस असेल तर ती मजकूर ठरते, आणि `B2>=9` चक्क TRUE येतं, म्हणजे स्पेस प्रमोटर होते! त्यामुळे थेट मोजा:

```
E2: =COUNT(B2:B201)
E3: =COUNTIF(B2:B201,">=9")
E4: =COUNTIFS(B2:B201,">=7",B2:B201,"<=8")
E5: =COUNTIF(B2:B201,"<=6")
E6: =(E3-E5)/E2*100
```

E3, E4, E5 ची बेरीज E2 इतकी यायला हवी. E2 अपेक्षेपेक्षा कमी आला तर काही रेटिंग मजकूर म्हणून साठलेली असतात. ती आधी VALUE ने आकड्यांत आणा.

एकच आकडा दिला तर खरी गोष्ट झाकली जाते. तीच २०० उत्तरपत्रं माध्यमानुसार मांडली तर:

| माध्यम | पाठवले | उत्तरं | रिकामे | प्रमोटर | पॅसिव्ह | डिट्रॅक्टर | एनपीएस |
|---|---|---|---|---|---|---|---|
| फोन | ११० | १०० | १० | ६० | २६ | १४ | ४६.० |
| ईमेल | ९० | ६० | ३० | २० | १८ | २२ | −३.३ |
| एकूण | २०० | १६० | ४० | ८० | ४४ | ३६ | २७.५ |

“एकूण”च्या ओळीत ४६ आणि −३.३ ची सरासरी घालू नका. ती २१.३ येते, आणि त्यात १०० उत्तरांना ६० इतकंच वजन मिळतं. आधी माणसं बेरजेत घ्या, मग टक्के काढा.

“रिकामे” हा रकाना मात्र गाळू नका. ईमेलवर तिघांतला एक गप्प आहे. तो नाराज आहे की नुसता घाईत, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच −३.३ हे फक्त उत्तर देणाऱ्या ६० जणांचं मत आहे, असं त्या ओळीखाली लिहून द्या.