‘एकदा उघडली की सेव्ह’ हे अर्धसत्य

कोकणात जाणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: “गाडीत नेट नसतं, टेन्शन घेऊ नका. ड्राइव्हमधली फाइल निघण्याआधी एकदा उघडून बघा, ती फोनमध्ये सेव्ह होते. जागाही जात नाही. स्टेशनवर पोचल्यावर केलं तरी चालतं.”

पहिला मुद्दा हवेतून आलेला नाही, म्हणूनच लोकांना पटतो. गूगल डॉक्स आणि शीट्सच्या अ‍ॅपमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइली ऑफलाइन ठेवण्याची सोय आहे. पण ती त्यांच्याच फाइलींपुरती. आपण नेतो ती बहुधा पीडीएफ: तिकीट, सातबारा, खरेदीखत. ड्राइव्हमध्ये पीडीएफ उघडली की दिसतं ते पूर्वदृश्य, आणि जेवढी पानं बघितली तेवढीच तात्पुरती साठलेली असू शकतात. चाळीस पानांच्या खरेदीखताची पहिली दोन पानं घरी चाळलीत, तर कदाचित ती दोन रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातही दिसतील. तुम्हाला हवा असलेला चतुःसीमेचा उल्लेख मात्र सतराव्या पानावर असतो. शिवाय हा तात्पुरता साठा फोन जागेसाठी कधीही पुसू शकतो, तेही न विचारता.

खात्रीचा मार्ग असा: फाइलीच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबून `Make available offline` निवडा. फोल्डरवर हा पर्याय शोधत बसू नका. आत जाऊन एका फाइलीवर बोट दाबून धरा, मग बाकीच्या निवडा आणि सगळ्यांना एकदम लावा.

जागा जात नाही म्हणे! साठ एमबीची फाइल फोनमध्ये राहणार तर साठ एमबी घेणारच.

स्टेशनवर करायचा सल्ला सर्वांत महागात पडतो. ऑफलाइन हा पर्याय निवडल्या क्षणी फाइल उतरलेली नसते, उतरायला सुरुवात झालेली असते. अँड्रॉइडवर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये `Transfer files only over Wi-Fi` चालू असेल, तर दादरच्या फलाटावर मोबाइल डेटा कितीही जोरात असो, फाइल वायफायची वाट बघत थांबते. गाडी सुटते, आणि तुम्ही समजता की काम झालं.

म्हणून हे आदल्या रात्री घरच्या वायफायवर उरका आणि तिथेच तपासा. विमान मोड लावा, वायफाय बंद झाल्याचं बघा (काही फोनमध्ये ते चालूच राहतं), अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. मेनूतल्या `Offline` मध्ये फाइल दिसली तरी समाधान मानू नका, शेवटचं पान उघडा. आणि त्यानंतर गावाला पोचेपर्यंत खात्यातून लॉगआउट करू नका, अ‍ॅपचा डेटाही साफ करू नका. तसं केलंत तर ऑफलाइन प्रती जातात. तिकिटासारखी न बदलणारी फाइल तर सरळ `Download` करावी, म्हणजे ती ड्राइव्हवर अवलंबून राहत नाही.