नोटिशीवरची तारीख पाहू नये

आयकर खात्याची नोटीस आली, की सुजाण करदात्याने आधी चष्मा काढून ठेवावा. चष्मा असला की नजर तारखेवर जाते आणि मनात नको ते विचार येतात.

समजा, 2021-22 मध्ये तुम्ही फ्लॅट घेतला आणि त्यातले 12 लाख आत्याने चेकने दिले. कायद्याच्या लेखी आत्या नातेवाईक, त्यामुळे तिने दिलेल्या पैशावर तुम्हाला कर नाही. पण आकारणी पुन्हा उघडली तर पैसे आत्याचेच होते, हे दाखवायचे तुम्ही. आत्या तर गेली. तिच्या पासबुकातल्या त्या पानाची शाई उडाली आणि तो चेक पाहिलेले मॅनेजर केव्हाच निवृत्त झाले. खात्याच्या संगणकातली नोंद मात्र ठणठणीत आहे. एका बाजूचा पुरावा झिजतो, दुसरीचा नाही, म्हणून म्हणे मुदत हवी! सर्वोच्च न्यायालयानेही 1977 साली परशुराम पॉटरी वर्क्सच्या खटल्यात सांगून टाकले, की प्रकरण कुठेतरी संपले पाहिजे. शिळ्या कढीला ऊत आणण्याची एवढी चांगली सोय, पण न्यायालयाला तिची कदर नाही.

बोटांवर हिशेब तर मुळीच करू नये. केलात, तर कळेल की 2021-22 चे आकारणी वर्ष 2022-23, ते संपले 31 मार्च 2023 ला. 2024 च्या दुरुस्तीनुसार फेरआकारणीची नोटीस तिथून तीन वर्षे तीन महिन्यांत, म्हणजे 30 जून 2026 पर्यंत काढायची. सुटलेले उत्पन्न 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याचे खात्याच्या हाती असलेल्या कागदपत्रांतून किंवा पुराव्यातून दिसत असेल, तरच पाच वर्षे तीन महिने. तुमचे 12 लाख त्यात बसत नाहीत. साहेबांचा हिरमोड होऊ नये म्हणून उरलेले 38 लाख तुम्हीच कुठूनतरी आठवून द्यावेत.

आणि ई-मेल किती वाजता सुटला, हे तर बघूच नका. एका आभूषण भांडाराने तो आगाऊपणा केला. त्यांच्या नोटिशीवर डिजिटल सही 31 मार्च 2021 ची, म्हणजे त्या वेळच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. ई-मेल मात्र सुटला 6 एप्रिलला. 2022 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणाले, सही करणे म्हणजे नोटीस काढणे नव्हे, ती अधिकाऱ्याच्या हातून बाहेर पडली पाहिजे. नोटीस गेली रद्दीत.

वर्षभर वेळ असताना शेवटच्या दिवशीच सह्या का होतात, असा खवचट प्रश्न विचारू नये. तुम्ही तरी रिटर्न 31 जुलैच्या रात्रीच भरता ना? फरक इतकाच, की तुम्हाला उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क पडते.