वारा पडला म्हणजे वादळ गेलं असं नाही

“वारा थांबला की वादळ गेलं. शाळेतल्या निवाऱ्यातून लगेच घरी जा, होड्या बघा.”

दिवाळे, सारसोळेच्या मंडळींनो, असं करू नका. वारा अचानक पडून आभाळ उजळलं, तर वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आलेला असू शकतो. डोळा ३० किलोमीटर रुंद आणि वादळाचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर तो मधोमध जातानाही शांतता दोनच तास टिकते. काठावरून गेला तर काही मिनिटंच.

मग वारा उलट्या दिशेने येतो. वादळ नैर्ऋत्येकडून आलं असेल, तर आधी आग्नेयेचा वारा, नंतर वायव्येचा. आपला किनारा खाडीच्या पूर्वेला, म्हणजे हा दुसरा वारा पाणी आपल्याच अंगावर लोटतो. त्यात भरती असली तर जेट्टीवर दोर तपासणारा माणूस थेट त्या पाण्यात सापडतो. होडीपायी जीव घालवू नका.

वादळ पुढे सरकल्याचं हवामान विभागाने सांगितल्यावर आणि पालिकेने परवानगी दिल्यावरच निघा. घरात मीटरपेटीपर्यंत पाणी चढलेलं दिसलं, तर मेन स्विचला हात लावू नका. आधी वीज कंपनीकडून बाहेरून पुरवठा तोडून घ्या.